शैलजामधला 'जा'

आमच्या संस्कृतच्या बाई फळ्यावर एखादं नाव लिहायच्या आणि खडूने त्याच्या मधोमध उभी रेघ मारायच्या. रेघ मारताना खडू कर्रकन वाजायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एरवी तो आवाज मला सहन होत नाही, पण त्या तासाला मी त्याची वाट पाहत बसायचे.

परळच्या आमच्या शाळेत गिरणी कामगारांच्या मुली संस्कृत सहसा घेत नसत. "अर्धमागधी घे, मार्क मिळतात," असं सगळे सांगायचे. सगळे सांगतात ते करायचं नाही हा माझा जन्माचा बाणा, म्हणून मी संस्कृत घेतलं आणि पहिलं वर्षभर रूपं घोकताना स्वतःला शिव्या घातल्या. मग एके दिवशी बाईंनी पाठ्यपुस्तक मिटून ठेवलं, "आज नावं फोडू," म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलं: मनोहर.

"मन आणि ओहर," मी हात वर न करताच बोलून टाकलं.

"ओहर म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

वर्ग हसला. मी रागाने लाल झाले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठीत मन आहे. संस्कृतात तो शब्द मनस् आहे. त्यातल्या अस् चा पुढच्या ह पाशी ओ होतो. मनस् आणि हर. हरण करणारा. मन पळवणारा तो मनोहर. नाव फोडताना एक लक्षात ठेवा, सुरुवात शेवटाकडून करायची. शेवटचा तुकडा काय काम करतो ते आधी बघायचं, मग विचारायचं, कोणाचं? कुठे? कशाला?"

झालं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक सुरी आली. शेवटी 'द' किंवा 'दा' असेल तर देणारी: यशोदा म्हणजे यशस् अधिक दा, यश देणारी. शेवटी 'कर' असेल तर करणारा: प्रभाकर, उजेड करणारा. शेवटी 'धर' असेल तर धरणारा. 'ज' असेल तर जन्मलेला, 'जा' असेल तर जन्मलेली, कारण मुळात धातू जन्. पंकज चिखलात जन्मलेला, सरोज तळ्यात जन्मलेलं. 'एश' दिसला तर आत 'ईश' दडलेला: सुर अधिक ईश, सुरेश, देवांचा धनी. आमच्या मजल्यावरच्या एका सुरेशला मी हे ऐकवलं तेव्हा तो चाळीच्या नळावर आंघोळ करत होता. देवांचा धनी साबणाच्या फेसातून म्हणाला, "आयला, खरं सांगतेस?"

मी चाळभर नावं फोडत सुटले. ज्यांची फुटली नाहीत त्यांच्यावर चिडले. शारदा नावाची एक काकू होती, तिला मी मोठ्या तोऱ्यात 'शार देणारी' असं सांगितलं, आणि शार म्हणजे काय असं तिने विचारताच पळ काढला. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "प्रत्येक 'दा' देणारी नसते गं. शरद् ऋतूवरून शारदा. पहिला स्वर लांबला, बस. जसं पर्वतावरून पार्वती. ते नाव कापायचं नाही, उलगडायचं." मग त्यांनी फळ्यावर नीरज लिहून दोन ठिकाणी रेघा मारल्या. नीर अधिक ज, म्हणजे पाण्यात जन्मलेलं कमळ. निर् अधिक रज, म्हणजे ज्याच्यावर धूळ नाही तो. दोन र शेजारी आले की पहिला पडतो आणि आधीची इ दीर्घ होते. नाव तेच, कापायची जागा वेगळी, माणूसच वेगळा.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यांच्या चाळीत नव्या नावांची नुसती धूम चालू होती. तिच्या पुतण्याचं नाव सिद्धार्थ. ती म्हणाली, "बाई, सिद्ध अधिक अर्थ. पण मग ह्याचा अर्थ नुसता 'साधलेला हेतू' होतो. पोरगा हेतू कसा असेल?" बाई इतक्या खूश झाल्या की खुर्चीवरून उठल्याच. "ज्याचा हेतू साधला तो. 'ज्याचा' हा शब्द नावात लिहिलेला नसतो, तो आपण घालायचा असतो. याला बहुव्रीही म्हणतात." मग तिने बुद्धाच्या वडिलांचं नाव विचारलं, शुद्धोदन. शुद्ध अधिक ओदन, ओदन म्हणजे भात; ज्याचा भात शुद्ध आहे तो. संस्कृतच्या नियमाने शुद्धौदन व्हायला हवं, पण पालीत ओ तसाच राहिला, हेही बाईंनी सांगितलं. रेशनच्या तांदळात आम्ही रोज खडे वेचायचो. आम्ही दोघी बाकाखाली वाकून इतक्या हसलो की बाहेर उभं राहावं लागलं. बाहेरसुद्धा हसत होतो.

हे सगळं चालू असताना आमच्या घरात मात्र एका नावाची कोणी वाच्यता करत नव्हतं.

माझी वहिनी पोटुशी होती. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही बाळं, एक मुलगा आणि एक मुलगी, बाळसं धरण्याआधीच गेली होती. माझ्या आईने गावच्या देवीपुढे बोलून ठेवलं होतं, या वेळी जे होईल त्याचं नाव धोंड्यावरून ठेवीन. मुलगा झाला तर धोंडू, मुलगी झाली तर धोंडी. हे काही आईच्या मनचं नव्हतं. आमच्या गावाकडे ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरात असंच करतात. नाव चांगलं ठेवलं की कुणाकुणाची नजर जाते. दगडाकडे कोण बघतो? दगड जिथे पडला तिथे राहतो. आईचा या गोष्टीवर पक्का विश्वास होता. बोलण्यातही ती जपायची. गिरणीत जाताना दादा कधी चुकून "जातो" म्हणाला तर ती दारात आडवी यायची. "जातंय म्हणू नको रे, येतंय म्हण." तो "येतो" म्हणेपर्यंत ती त्याचा डबा सोडायची नाही.

वहिनी चौथी शिकलेली होती. घरात आलेला किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकायची नाही. एकदा गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढता काढता ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, नाव आत्या ठेवते ना?"

"आत्याच ठेवते. म्हणजे मीच."

"मग माझ्या लेकराला धोंडी नको. आमच्या वर्गात एक धोंडी होती. मास्तर हजेरी घ्यायचे आणि मुलं रोज हसायची. तिने शाळाच सोडली." मग थांबून म्हणाली, "आणि आईंचं मन पण मोडू नका. धोंड्याचं नाव मोडून काही झालं तर मी काय करू?"

म्हणजे नाव दगडाचं हवं आणि दगडाचं नको. मी तिचा हात धरून सांगितलं, "वहिनी, मी करते काहीतरी." मनात काय करायचं याचा पत्ता नव्हता. पण आनंद किती झाला होता. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे संस्कृतचं काम घेऊन आलं होतं.

मुलगी झाली ती परळच्या मोठ्या इस्पितळात. आईला सुईणच हवी होती, पण दादाने या वेळी कोणाचंच ऐकलं नाही. आणि वहिनी बाळाला घेऊन घरी आली त्या सकाळी तोच नाव घेऊन तयार. दादा तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आकंठ बुडालेला होता. पाळी संपली की सभा, सभा संपली की भिंती रंगवणं, भिंती रंगवून झाल्या की चाळीच्या जिन्यात उभं राहून पुन्हा सभा. त्याचा घसा कायम बसलेला असायचा. बसलेल्या घशाने तो म्हणाला, "संयुक्ता."

"सम् अधिक युक्ता," मी लगेच म्हणाले. "नीट जोडलेली. पण हा समास नाही, पुढे नुसता उपसर्ग आहे."

"उपसर्ग काढ तुझा. मुंबईसकट आहे की नाही?"

वहिनी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "हिला गॅलरीतून हाक मारली की चाळभर 'झालाच पाहिजे' म्हणतील." दादा स्वतःच हसला आणि खोकत बसला. संयुक्ता तिथेच संपली. आईने बाळाच्या कपाळाला काजळाचा मोठा ठिपका लावला आणि म्हणाली, "धोंडे, बघ गो तुझो बापूस."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत पळाले.

बाईंना मी मधल्या सुट्टीत गाठलं. त्या डबा खात होत्या. मी धापा टाकत विचारलं, "बाई, दगडाला संस्कृतात काय काय म्हणतात?" त्यांनी घास हातात धरूनच सांगितलं, "पाषाण, अश्मन्, उपल, शिला. कशाला?" मी सगळं सांगून टाकलं, धोंडीपासून किराण्याच्या पुडीपर्यंत. बाईंनी डबा बाजूला सारला.

"उपल, पाषाण ही काही मुलीला हाक मारायची नावं नाहीत. शिला बघ," त्या म्हणाल्या. "शिला जिथे भरपूर असतात तो शैल. इ चा ऐ झाला. परवा शारदेचं सांगितलं तसंच, पहिला स्वर वाढला. शैल म्हणजे दगडांचा डोंगर. आता त्याला शेवट लाव. दगडातून काय झालंय तुझ्या घरात?"

"मुलगी," मी म्हणाले. आणि मग माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. "जा. शैल अधिक जा. शैलजा!"

"डोंगरात जन्मलेली. पार्वतीचं नाव," बाई म्हणाल्या. "आणि आत तुझ्या आईचा धोंडाही शाबूत."

त्या दिवशी उरलेले तास मी कसे काढले मला माहीत नाही. लालबागेतल्या घरापर्यंत मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते, आणि वाटेत जो दिसेल त्याला थांबवून सांगावं असं वाटत होतं. आईला दगड मिळणार, वहिनीला नाव मिळणार, आणि दोघींना ते मी देणार. इतका आनंद मला नंतर बी.ए. झाल्यावरही झाला नाही.

वहिनीला मी ते कानात सांगितलं. तिने ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग बाळाकडे बघून तिसऱ्यांदा म्हटलं. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "हजेरीत छान वाटेल." मी आईकडे गेले. आई चुलीपुढे बसली होती. मी तिला शिला सांगितली, शैल सांगितला, दगडांचा डोंगर सांगितला. तिने तवा उतरवून ठेवला आणि नीट ऐकलं.

"म्हणजे नाव धोंड्याचाच?"

"धोंड्याचंच. नुसता एक धोंडा नव्हे, डोंगरभर धोंडे."

आईच्या तोंडावर हसू आलं. "मग बरां. देवीक पण चलात." आणि तिने, गॅलरीतून पोराला हाक मारतात तशी, नाव लांबवून म्हणून बघितलं. "शैल... जा."

म्हणाली आणि थांबली.

मला आधी कळलंच नाही काय झालं. तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा, अगदी हळू म्हटलं, "शैल, जा." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरीक प्रत्येक हाकेक जा म्हणूचा?"

"आई, तो 'जा' तो नव्हे गं! हा जन् धातू आहे. जा म्हणजे जन्मलेली. तू म्हणतेस तो जा मराठीतला."

"मगे पोर खंयची? संस्कृतातली? पोर लालबागेत वाडतली. मराठीतच ऐकतली."

"पण अर्थ..."

"दोन गेली, ती पुरे नाय झाली?" आई म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. तिने तवा परत चुलीवर ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.

मी आशेने वहिनीकडे वळले. तिनेही सगळं ऐकलं होतं. ती बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा रंग गेला होता. "वन्सं," ती म्हणाली, "राहू दे. धोंडीच ठेवा."

"वहिनी, तू तरी असं म्हणू नकोस. तू वाचतेस."

"वाचते म्हणून काय झालं? आता मला तेच ऐकू येतंय. शैल, जा. मला नाही तिला जा म्हणवणार. शाळेत हसले तर हसू दे. शाळेत जाण्याइतकी तरी होईल."

मी बाहेर येऊन गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि रडले. स्वतःवर चिडले, मराठीवर चिडले, संस्कृतवर तर फारच चिडले. शेवटाकडून बघायला बाईंनी शिकवलं होतं, आणि मी बघितलंही होतं. पण नाव फोडणारे आणि हाक मारणारे वेगळे असतात, आणि हाक मारणारे आपल्या कानाने फोडतात. नीरजच्या बाबतीत याची मला केवढी गंमत वाटली होती. आता गंमत वाटत नव्हती.

दोन-तीन दिवस मी दुसरी नावं शोधली. शिलावती, उपला, अगदी अश्मिता सुद्धा, जो शब्दच नाही. एकही नाव वहिनीच्या ओठांवर तसं बसेना. आईने पाळण्याच्या तयारीला सुरुवात केली. घुगऱ्यांसाठी चणे आणले. ती बाळाला धोंडी म्हणायची, आणि वहिनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बारशाच्या आदल्या सकाळी माझा मामा गावाहून आला. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, आणि तिथून डोक्यावर नारळांचं पोतं घेऊन चालत. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मुंबईला तो क्वचितच यायचा. मी अगदी लहान असताना आला होता तेवढाच. जिन्यातूनच त्याची हाक आली. आवाज असा की खालच्या पानवाल्यालाही कळावं.

"गिरजे! ए गिरजे! खंय असस गो?"

आई हातातलं टाकून दाराशी धावली. "इलंय, इलंय," म्हणत. लहानपणी मीही ही हाक ऐकली असणार, पण तेव्हा ते मला लाडाचं काहीतरी वाटलं असेल. आमच्या घरात आईला त्या नावाने कोणी कधी बोलावलंच नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आणि आईचं माहेरचं नाव त्याच दिवशी गेलं. बाबांनीही तिला पुढे कुठल्याच नावाने हाक मारली नाही, नुसतं "अगो" म्हणायचे.

मी चहा गाळत होते. गिरजे. गिरजा. हात थांबला. चहा बशीबाहेर सांडला.

शेवटाकडून बघायचं.

"मामा," मी ओरडले. खरंच ओरडले. "आईचं नाव गिरजा आहे?"

"मगे काय? आमच्या बापाशीन ठेवलेलां. लगीन झाला आणि ह्यांनी बदलल्यानी."

"गिरजा म्हणजे गिरिजा! मामा, मधली इ झिजून गेली. गिरि अधिक जा. गिरि म्हणजे डोंगर. आई, शैल म्हणजे पण डोंगर. तुझं नाव आणि मी आणलेलं नाव एकच आहे! दोन्ही पार्वतीची. शब्द दोन, अर्थ एक."

मामाला काहीच कळेना. दादाने त्याला सगळं सांगितलं. घसा बसलेला असल्यामुळे कुजबुजत सांगितलं, त्यामुळे ते आणखीच गंभीर वाटलं. मामा ऐकून हसायला लागला. "गो गिरजे, तुका तर सगळ्यांनी जन्मभर जा म्हटल्यानी. तू खंय गेलंस?"

मला वाटलं, जिंकले. पण आई हसली नाही. ती उंबऱ्यातच बसली. तिने स्वतःचं नाव तोंडातल्या तोंडात फोडून पाहिलं, मी फोडते तसंच. "गिर... जा." मग मामाकडे बघून म्हणाली, "गेलंय ना मी. परकराच्या वयात लगीन लावून गेलंय. बोटीत बसलंय तेव्हा आयशीन धक्क्यावरसून हाक मारल्यान. गिरजा. माका तेव्हा काय ता कळला नाय. आता कळता. ती जाच म्हणत होती."

मामाचं हसू गेलं. माझ्याकडे बोलायला भरपूर होतं, धातू, प्रत्यय, उपपद समास, पण आईचा चेहरा बघत मी सांडलेला चहा पुसत राहिले. खालून कुठल्यातरी मोर्चाच्या घोषणा येत होत्या आणि दादासुद्धा खिडकीकडे गेला नाही.

मग वहिनी उठली. इतके दिवस ती आईपुढे मान वर करून बोलली नव्हती. तिने बाळ उचललं, उंबऱ्यापाशी आईशेजारी येऊन बसली आणि बाळ आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "मुलगी आहे. ती जाणारच की. पण तुमच्यासारखी जाऊ दे ना. मोठी होऊन. शाळा करून, लग्न होऊन, पोरंबाळं होऊन. माझी दोघं गेली ती तशी नाही गेली. ही तुमच्याएवढी होऊन जाऊ दे. एवढं तरी म्हणू द्या मला तिला."

आईने बाळाकडे पाहिलं. मग बाळाच्या कपाळावरचा काजळाचा ठिपका अंगठ्याने सारखा केला आणि मामाला म्हणाली, "दादा, परत एकदा हाक मार."

"गिरजे," मामा म्हणाला. त्याचा आवाज आता अजिबात मोठा नव्हता.

"ओ," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. चाळीतल्या बायका जमल्या. माझी मैत्रीणही आली, तिने पाळण्याला निळी रिबीन बांधली. मी आत्या म्हणून पाळण्याशी वाकले, बायकांनी माझ्या पाठीवर रीतीप्रमाणे बुक्के घातले, जरा जास्तच जोरात, आणि मी बाळाच्या कानात "कुर्र" करून म्हटलं, "शैलजा." त्या क्षणी मला इतका आनंद झाला की पुढचं काय म्हणायचं ते विसरले आणि तशीच वाकलेली राहिले.

तेव्हा आई पुढे आली. तिने मला हाताने बाजूला केलं, पाळण्याची दोरी धरली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शैलजा, ये."

बायका हसल्या. वहिनी हसली आणि रडली. मग तिनेही वाकून तसंच म्हटलं. "शैलजा, ये."

ते घरात रुळून गेलं. आईने पुढे कधी नुसतं शैलजा म्हटलं नाही. जेवायला, न्हायला, ओरडायला, प्रत्येक हाकेपाठोपाठ 'ये' यायचाच. दादाही तसंच म्हणायला लागला आणि मीही. शाळेत हजेरीला मात्र नुसतं शैलजा असायचं, आणि कोणी हसायचं नाही. तिचं लग्न झालं, निघताना ती वाकली तेव्हा आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच दोन शब्द म्हटले.

आज ती स्वतः आजी आहे, शीवला राहते. परवा आली होती. अगदी माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होती. बिस्किटं हवीत का विचारायला मी तिला हाक मारली, "शैलजा, ये." ती म्हणाली, "आत्या, मी इथेच आहे गं." मी म्हटलं, "माहीत आहे."